कापसाच्या खोलीतली ड्युटी

नोकरी लागल्याचं मी जेवताना सांगितलं तेव्हा घरात कुणीच नाही म्हटलं नाही. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती.

आमचं घर आष्टीत, परतूर तालुक्यात. शेतात दहा वर्षांपासून ठिबक आहे आणि पहिल्या दिवसापासून ते मीच चालवते, कारण आमच्या आबारावांना बारीक अक्षरातली माहितीपुस्तिका दिसली की जांभई येते. (नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही. लिहायला हरकत नसावी.) फिल्टर उघडून धुणं, नळ्यांची तोंडं सोडून गाळ काढणं, दाबाचा काटा वाचणं, हे सगळं मी पुस्तिका वाचून आणि दोन-चार नळ्यांची वाट लावून शिकले. एकदा कंपनीचा माणूस तपासणीला आला, तासभर माझ्याशी बोलला आणि जाताना म्हणाला, "ताई, आमच्या हेल्पलाइनला तुमच्यासारखं माणूस पाहिजे. आमची पोरं पुस्तकातलं सांगतात, शेतकरी फोन ठेवून देतो."

दोन महिन्यांनी फोनवरच मुलाखत झाली. माझ्या पोराचा, अंगदचा, जुना लॅपटॉप पुण्याहून आला. कंपनीचा हेडफोन आला. आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मी एका महिन्याच्या बोलीवर कामाला लागले. महिन्यात जमलं तर पक्की, नाही तर हेडफोन परत.

तर त्या रात्री जेवताना मी सांगितलं, "सकाळी दहा ते एक आन् दुपारी तीन ते पाच मला एक शांत खोली लागंल. फोन चालू असताना हाक मारायची न्हाई, दार वाजवायचं न्हाई."

"मंग. हे काय सांगायचं झालं," आबाराव म्हणाले.

"बस की कुठंबी," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरात खोल्याला काय कमी हाये."

"माझी सोडून," रेणू म्हणाली. रेणू माझी धाकटी, बारावीला आहे आणि मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही.

एवढ्यावर ठराव पास झाला आणि सगळ्यांनी भाकरीला हात घातला. पुढं मला कळलं की होकार सगळ्यांनी 'बस'ला दिला होता. 'शांत' हा शब्द कुणाच्या ताटात पडलाच नव्हता.

पहिल्या दिवशी बैठकीत बसले. इंटरनेटचा डबा तिथंच आहे, शिवाय घरातली ती सगळ्यात चांगली खोली, असं आबारावांनीच मोठ्या मनानं सुचवलं. चांगली म्हणजे काय, तर तिथं सोफा आहे आणि आष्टीतल्या कुठल्याही माणसाला चप्पल काढून थेट आत येता येतं.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. लॅपटॉपवर एक हिरवं बटण असतं. ते दाबलं की आपण हजर. मग फोन आपोआप कानात येतो. घंटी नाही, उचलणं नाही, 'टुं' वाजलं की शेतकरी बोलायला लागलेला असतो. बटण लाल केलं की सुट्टी, पण दिवसाला सगळी मिळून वीस मिनिटं, आणि तिथं सेकंद मोजणारं घड्याळ पळत असतं. आपला आवाज बंद करायचं बटण आहे, पण शेतकरी चार शब्द बोलून थांबला आणि आपण 'हं' म्हटलं नाही, की तो म्हणतो, "हालो, कट झाला का?" आणि खरंच कट करतो. प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. त्यातले काही निवडून पुण्यात मनीषा मॅडम ऐकतात आणि शंभरपैकी मार्क देतात. नमस्कार नीट केला का, अडचण ऐकली का, उपाय बरोबर सांगितला का. त्यातले वीस मार्क नुसते मागच्या आवाजाचे. आपल्या मागं काही ऐकू आलं तर पाच कापायचे. शेतकऱ्यानंच विचारलं, "ताई, तुमच्याकडं काय चाललंय," तर वीसच्या वीस गेले.

हे मी घरात सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. सासूबाईंना दोनदा.

जयवंताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय बहात्तर, कान तिखट. त्या दारात आल्या आणि माझ्याकडं बघून खुणेनं विचारलं, फोनवर हायेस का? मी मान हलवली. तशा त्या समाधानानं आत आल्या, शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "तेच म्हटलं इचारावं. म्हंजे मधीच बोलाया नगं."

आबाराव याहून सभ्य. ते कधी हाक मारायचे नाहीत. पाहुणा घेऊन यायचे आणि दबक्या आवाजात सांगायचे, "च्या टाक. दोनच कप. मी बोलतच न्हाई." त्यांचा दबका आवाज म्हणजे रानात बैलाला दिलेली हाक, फक्त त्यातली हवा काढलेली.

आठ दिवसांनी पहिला निकाल आला. बासष्ट. मॅडमचा फोन आला.

"उषाताई, तुमचं उत्तर छान आहे. पण मागं शेळी होती का?"

"होती."

"तुमची आहे का?"

"न्हाई मॅडम, आमच्याकडं शेळ्या न्हाईत."

मग त्या म्हणाल्या, "घरात सांगितलंय ना तुम्ही?"

"सांगितलंय," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

दुसऱ्यांदा सांगितलं ते लेखी. वहीच्या पानावर वेळा लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवल्या आणि बसायला आमची झोपायची खोली घेतली. दाराच्या कडीला लाल ओढणी बांधली. ओढणी बांधलेली असली की आत यायचं नाही, असं सगळ्यांना दाखवून दिलं. रेणूनं मान डोलावली. आबारावांनी डोलावली. सव्वाअकराला दार उघडून सासूबाई आत आल्या, ओढणीची नीट घडी घातली, कपाटात ठेवली आणि मला सांगितलं, "वाळल्ती."

मग मी ठरवलं, नुसतं यायचं नाही म्हणून भागायचं नाही, कशासाठी यायचं तेही सांगितलं पाहिजे. रात्री सगळ्यांना बसवलं. "आग लागली, साप निघला, कुणी पडलं-झडलं, तर दार वाजवा. बाकी कशासाठीबी न्हाई."

सासूबाईंनी यादी मनात घोळवली. "दूध उतू जायाला लागलं तर?"

"गॅस बंद करा."

"तुझ्या माहेरचं कुणी आलं तर?"

"बसवा. च्या करून द्या. एक वाजता येते मी."

"आन् म्हणू काय त्याईला? लेक घरात हाये आन् तोंड दावंना?"

"कामावर हाये म्हणा."

हे त्यांना पटलं नाही. कामावर म्हणजे शेतात, नाही तर ऑफिसात. घरात बसलेल्या बाईला कामावर म्हटलं तर ऐकणारा म्हणेल म्हातारीला चळ लागला. आबाराव मध्ये पडले. "आई, आत हाये म्हणायचं. येवढंच. आत हाये."

मला सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. लॉकडाऊनमध्ये अंगद घरून काम करायचा. तेव्हा ह्याच जयवंताबाई अंगणात काठी घेऊन कोंबड्या हाकलायच्या, आणि हेच आबाराव फाटकाशी मोटारसायकल बंद करून घरापर्यंत ढकलत आणायचे. दारात आलेल्या माणसाला सांगायचे, "साहेब मीटिंगमधी हाये." साहेब तेव्हा बनियनवर असायचा. मी हे बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर पुढचे आठ दिवस मी कशी मनाला लावून घेते यावर चर्चा झाली असती, आणि तीसुद्धा माझ्या दाराबाहेर.

दुसरा निकाल, एकाहत्तर. मिक्सर, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि रेणूचं रसायनशास्त्र. शेतकऱ्यानं मध्येच विचारलं होतं, "ताई, हे आम्ल कितपत टाकायचं म्हणून राह्यल्या तुम्ही?" ते रेणू म्हणत होती.

दहा दिवस उरले होते. पक्कं व्हायला पंच्याऐंशी पाहिजे होते.

मागच्या अंगाला आमची एक खोली आहे. कापूस वेचून झाला की भाव येईपर्यंत आम्ही तो तिथं भरून ठेवतो. आमच्याकडं सगळेच ठेवतात. कुणाच्या पडवीत, कुणाच्या देवघरात, एका घरात तर नव्या सुनेच्या खोलीत पलंगाच्या उंचीपर्यंत. त्या दिवशी मी खुरपं शोधायला आत गेले आणि रेणूला हाक मारली, तर माझी हाक मलाच नीट ऐकू आली नाही. तोंडातून निघाली आणि कापसात बुडाली. मी परत हाक मारली. टाळी वाजवून बघितली. बाहेर येऊन बघितलं, तर पाटावर सासूबाई शेंगा निवडत होत्या. म्हटलं, "मी आतून काही बोलले का?"

"न्हाई बा," त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी दाराजवळची चार हात जागा मोकळी केली. लहानसं टेबल, खुर्ची. इंटरनेटची वायर भिंतीनं आणली, पण विजेचा बोर्ड आत न्यायला आबारावांनी साफ मनाई केली. ठिणगी उडाली की खोलीच जायची. ते बरोबरच होतं. मग लॅपटॉप बॅटरीवर. ती कशीबशी तीन तास टिकते. जेवणाच्या सुट्टीत बैठकीत नेऊन भरायची, तीनला परत आणायची.

कापसात बसायचं म्हणजे गंमत नाही. बारीक किडे निघतात, अंगाला खाज सुटते, पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालावं लागतं आणि एक वाजता बाहेर आलं की केसात एवढी रुई असते की बेबीनंदा काकू, आमच्या शेजारीण, म्हणाल्या, "एकदमच पिकलीस गं." पण आत शेतकऱ्याचा आवाज आणि माझा आवाज, एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा मी तीन तास सलग एकच गोष्ट करत होते. आपण इतकं नीट बोलतो हे मलाही माहीत नव्हतं.

तिसरा निकाल, ब्याण्णव. मॅडम म्हणाल्या, "ऑफिस भाड्यानं घेतलंत का?"

आबारावही खूश होते. कापसाला दिवसा फुकटची राखण मिळाली होती. खोली मला मिळाली, असं त्यांच्या डोक्यात नव्हतंच. कापूस होता तिथं, आणि मी कापसाजवळ बसत होते.

शेवटचा निकाल रेकॉर्डिंगवर नव्हता. महिना भरायच्या आधीच्या मंगळवारी अकरा ते बारा मॅडम स्वतः लाइनवर बसून ऐकणार होत्या. आलेला कुठलाही फोन, आधी सांगून नाही. त्या सकाळी काम तेवढाच तास. त्या तासाचे पंच्याऐंशी आले तर पक्की, खाली आले तर आभार.

सोमवारी रात्री मी तिसऱ्यांदा सांगितलं. "उद्या अकरा ते बारा. माझ्या नोकरीचा तेवढाच तास हाये. त्या तासात घरात काहीबी करू नका."

"बिलकुल न्हाई," आबाराव म्हणाले आणि फोन घेऊन बाहेर गेले. त्याच संध्याकाळी कापसाचा भाव चढला होता.

मंगळवारी अकराला मी बटण हिरवं केलं. पहिला फोन साधा होता, बिलाचा. दुसरा आला सव्वाअकराला. रखमाजी नावाचा शेतकरी, मोसंबीची बाग. बागेच्या शेवटाला पाणी पोचत नव्हतं आणि तो आधीच तापलेला होता. दोनदा फोन करून झाला होता, दोन्ही वेळा त्याला वेगळंच काही सांगितलं होतं.

"रखमाजी भाऊ, मी आता तुमच्यासंगच हाये, फोन ठेवणार न्हाई," मी म्हणाले. "फिल्टरपाशी जा. दोन काटे दिसतील. आधीचा काटा काय सांगतो, नंतरचा काय, दोन्ही वाचून दाखवा."

तो चालायला लागला. त्याच्या चपलांचा आवाज येत होता. आणि माझ्या मोकळ्या कानात, कारण कंपनीचा हेडफोन एकाच कानाचा आहे, टेम्पो मागं घेतानाचा आवाज आला. पीं, पीं, पीं. आमच्या अंगणात.

नंतर कळलं ते असं. आबारावांनी परतूरच्या राधेश्याम शेठला सकाळीच बोलावलं होतं. त्यांचा हिशोब साधा होता. मी दाराकडच्या कोपऱ्यात बोलत बसणार, आणि हमाल त्याच दारानं ये-जा करत आतल्या बाजूचा कापूस हळूच भरणार. 'हळूच' म्हणजे पाच हमाल, पायानं तुडवून भरलेले गठ्ठे, वजनकाटा, आणि एकाच्या ऐवजी 'लाभ' म्हणून सुरू होणारी मोजणी, जी आमच्याकडं कुणी हळू म्हणत नाही, कारण लाभ हळू म्हणायचा नसतो. मला सांगितलं नव्हतं, कारण मला उगाच टेन्शन द्यायचं नव्हतं.

दाराला आतून कडी होती. मी टेबल दाराला टेकूनच लावलेलं. बाहेरचा शब्द न् शब्द मला येत होता.

"खोला दार, आबाराव," शेठचा आवाज.

आबारावांनी बहुतेक दाराकडं बघितलं आणि तेव्हाच त्यांना मंगळवारचा तो तास आठवला. "किल्ली सापडून न्हाई राह्यली," ते म्हणाले.

"कुलूपच न्हाई की," एक हमाल. "आतून कडी हाये. कोन हाये आत?"

"मंडळी हाये."

"मंग द्या हाक."

"झोपलीय. डोकं दुखून राह्यलं तिचं."

इकडं रखमाजी म्हणाला, "पहिला दोन दाखवतो. दुसरा एकावर हाये."

"भाऊ, म्हंजे फिल्टर चोंदलाय. एवढा फरक नसला पाहिजे. आता मोटार बंद करा आन् दाब उतरू द्या. दाब उतरल्याबिगर झाकण उघडू नका."

बाहेर भिंतीपलीकडून बेबीनंदा काकू. "उषाचं डोकं दुखतंय? कवापासून? बाम आनू का?"

"कापसात झोपली व्हय?" शेठ म्हणाले. "ताप भरंल त्यानं. उठवा जल्दी, दवाखान्यात न्या."

सासूबाईंना वाटलं लेकाला हात द्यावा. "उपास हाये तिचा," त्या म्हणाल्या. "उपासाचं पडलीय जरा."

"पण सकाळी तर पोहे खाताना बघितलं मी," बेबीनंदा काकू म्हणाल्या, आणि त्यांची पावलं अंगणात आली. दाराकडं. मी टेबलाच्या कडेला हात धरून बसले. लाल बटण दाबलं असतं तर फोन संपला असता आणि महिनाही.

"भाऊ, जाळी काढली का? वल्ली नका पुसू, ब्रशनं पाण्याखाली घासा. आतून बाहेर. घाई करू नका, मी हाये."

बाहेर एकदम शांत झालं. चांगलं शांत नव्हे. काकू दाराला कान लावून उभ्या होत्या.

"झोपलेली न्हाई ती," काकू म्हणाल्या. "बोलून राह्यली."

"कुणासंग?"

"ऐका की. रखमाजी भाऊ म्हून राह्यली. घाई करू नका म्हून राह्यली. मी हाये म्हून राह्यली."

पाच हमाल, एक शेठ, एक ड्रायव्हर, एक शेजारीण. आतून कडी लावलेली खोली, आत बायको, आणि कुणी एक रखमाजी. मला आबारावांचा चेहरा दिसत नव्हता, पण ओळखीचा होता. सत्तावीस वर्षं बघितलाय. ते आता काहीतरी चौथं खोटं शोधत असणार आणि ते पहिल्या तिन्हींपेक्षा वाईट निघणार.

इकडं रखमाजी जाळी घासत होता. पाण्याचा आवाज. "लई गाळ हाये, ताई. काळा निघून राह्यला."

"निघू द्या. मंग जाळी बसवा, झाकण आवळा, मोटार चालू करा आन् पुन्हा काटे सांगा. नंतर शेवटच्या नळ्यांची तोंडं सोडायची."

मग दाराच्या फळीवर कुणीतरी पाठ टेकल्याचा आवाज आला. कडी हलली. आबाराव दाराला पाठ लावून उभे राहिले होते.

"ती ड्युटीवर हाये," ते म्हणाले. दबक्या आवाजात नाही. "फोनची नोकरी हाये तिची. शेतकऱ्याला ठिबक सांगती, पुण्याच्या कंपनीकून. तिचा साहेब आत्ता ऐकून राह्यला. बारापर्यंत दार उघडणार न्हाई."



"घरात बसून?" हमाल म्हणाला.

"घरात बसून."

"मंग डोकं दुखतंय कशाला म्हनले?"

"चुकलं माझं."

राधेश्याम शेठनं घड्याळ बघितलं असणार. "आबाराव, आज भाव हाये. माझा पुढचा माल अंबडला भरायचाय. बारा वाजेपर्यंत थांबलो तर तिकडची गाडी चुकते. उद्याचं मी सांगू शकत न्हाई."

"नका सांगू," आबाराव म्हणाले. "थांबायचं तर सावलीत बसा. जायचं तर जा. बोलायचं तेवढं फाटकाबाहीर बोला."

त्याच वेळी रखमाजी म्हणाला, "हालो? ताई? काटे सारखेच झाले बरं का. दोन आन् जवळजवळ दोन."

मी आवंढा गिळला. त्याचा आवाज लाइनवर गेलाच असेल. "शाब्बास," मी म्हणाले. असं म्हणायचं कंपनीच्या कागदात लिहिलेलं नाही.

शेवटच्या नळ्यांची तोंडं सोडून त्यानं गाळ काढला, परत बंद केली, शेवटच्या झाडापाशी जाऊन थेंब पडतो का बघितलं. पडत होता. बावीस मिनिटांचा फोन झाला. त्यानंतर बारापर्यंत आणखी तीन. बाहेरून एकही शब्द आला नाही.

बाराला मी बटण लाल केलं आणि कडी काढली. केसात रुई, डोळे लाल. दाराशी आबाराव बसलेले. अंगणात लिंबाखाली शेठ खुर्चीवर, हमाल रांगेत जमिनीवर, सगळ्यांच्या हातात कप, आणि सासूबाई ओठावर बोट धरून त्यांच्यावर नजर ठेवून उभ्या. फाटकाबाहेर ड्रायव्हर शिंकत होता, कारण त्याला शिंक आली की बाहेर पाठवायचं ठरलं होतं म्हणे.

"झालं का?" आबारावांनी विचारलं.

"झालं."

"सायेबानं काय म्हटलं?"

"परवा कळंल."

शेठ उठले. अंबडची गाडी त्यांनी फोन करून संध्याकाळवर ढकलली होती, फाटकाबाहेर जाऊन. भाव मात्र सकाळच्यापेक्षा थोडा उतरवून सांगितला, थांबल्याबद्दल. आबारावांनी घासाघीस केली नाही. मी केली. थोडा वर आणला. मग हमाल आत घुसले आणि लाभ, दोन, तीन सुरू झालं. तीनच्या आत खोली रिकामी. तीनचं काम मी बैठकीतून केलं, आणि त्या दोन तासांत बैठकीत कुणी आलं नाही. एक पाहुणा आला होता. फाटकाशीच सासूबाईंचा आवाज मी ऐकला. "सून ड्युटीवर हाये. पाचला या." त्या हा शब्द आजच शिकल्या होत्या आणि त्यांना तो फार आवडला होता. त्यानंतर दोन दिवस त्यांनी भाजीवाल्यालाही ड्युटीवर हाये म्हणून परत पाठवलं, मी गच्चीवर कपडे वाळत घालत असतानाही.

रिकाम्या खोलीत आता आवाज घुमतो. विहिरीतून बोलल्यासारखा. बुधवारी संध्याकाळी आबाराव आत जाऊन टाळ्या वाजवून बघत होते. मी दारातून बघितलं. ते गेले, घरातल्या सगळ्या गोधड्या आणल्या आणि तिन्ही भिंतींवर खिळे ठोकून टांगल्या. सासूबाईंच्या पांघरायच्या गोधडीलाही हात घातला. त्या म्हणाल्या, "आन् मी काय घेऊ?" तर म्हणाले, "रात्री काढून घेत जा, सकाळी लावत जाऊ." फेब्रुवारीतल्या थंडीत माणसं आपल्या भिंतींना पांघरूण घालतात हे बघायला बेबीनंदा काकू दोनदा आल्या.

गुरुवारी निकाल आला. पंच्याऐंशी पाहिजे होते, शहाऐंशी आले. मॅडमचा फोनही आला, अभिनंदन केलं, आणि म्हणाल्या, "कागद नीट वाचा, मागच्या आवाजाचेही मार्क कापलेत. मला कापावेच लागले."

मी लॅपटॉप बैठकीत आणला. आबाराव, सासूबाई, रेणू, सगळे जमले. मी वाचलं. नमस्कार, पूर्ण. अडचण समजून घेणं, पूर्ण. उपाय, पूर्ण. शब्द, चार कमी, 'शाब्बास' बद्दल. घशाचा आवाज, पाच कमी. मग मागचा आवाज. वीसपैकी पंधरा. शेरा: अठराव्या मिनिटाला मागं पुरुषाचा आवाज स्पष्ट, 'ती ड्युटीवर हाये.'

आबारावांनी मान पुढं काढून तो शेरा स्वतः वाचला. बारीक अक्षरं होती. जांभई आली नाही.

"पाच मार्क," ते म्हणाले.

"पाच."

"एक कमी पडला असता तरबी चाललं असतं म्हंजे."

"एकच. दोन पडले असते तर न्हाई."

ते उठले आणि खोलीकडं गेले. हातात हातोडी होती. चौथी भिंत उरली होती, दाराची. रेणू म्हणाली, "बाबा, आता गोधडीच न्हाई राह्यली."

"आपल्या बैठकीतली सतरंजी जाड हाये," ते आतून म्हणाले. "दाराला तीच लावतो. मला तिथं उभं राहून मोठ्यानं सांगावं लागतं."